‘लाइफटाइम’ नेमकं कुणाचं?

फेब्रुवारी २०२५च्या तीन तारखेला मला एक मेल आला. जीमेलने तो प्रमोशन्सच्या टॅबमध्ये टाकला होता, सेल आणि कूपनांच्या गर्दीत. विषय होता, ‘आमच्या धोरणातील काही रोमांचक बदल’. मेल इंग्रजीत होता. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: तुम्ही २०२१ साली जो कोर्स ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’सह घेतला होता, तो ३१ मार्चनंतर दिसणार नाही. पुढे पाहायचा असेल तर वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या. जुन्या विद्यार्थ्यांसाठी २० टक्के सूट.

म्हणजे मी एकदा विकत घेतलेली गोष्ट मला पुन्हा विकली जात होती आणि वर सूट दिल्याचे उपकारही होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता आयोगापुढे आहे. शिवाय अशी कंपनी एकच नाही. तुमच्या फोनमध्येही ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेलं काहीतरी असेलच. त्यामुळे नावापेक्षा हा व्यवहार कसा चालतो ते बघू.

त्या शब्दाची किंमत त्यांनीच लावली होती

ऑगस्ट २०२१ मध्ये मी पहिल्या नोकरीत होतो. विरारहून अंधेरी, घरातून ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन रोजचे तीन तास. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे धड शिकलो नव्हतो ते सिस्टीम डिझाइन शिकायचं होतं. कोर्सच्या पानावर दोन पर्याय होते. एक वर्षाचा अ‍ॅक्सेस ५,९०० रुपये, लाइफटाइम अ‍ॅक्सेस ११,८०० रुपये, दोन्ही जीएसटी धरून. व्हिडिओ तेच, असाइनमेंट त्याच, सर्टिफिकेट तेच. फरक फक्त मुदतीचा.

मी दुप्पट पैसे भरले. का? कारण वर्षभरात ६२ तासांचा कोर्स पूर्ण होईल याची मला खात्री नव्हती. ज्याच्याकडे वेळ असतो तो एक वर्षाचा पर्याय घेतो आणि तीन महिन्यांत मोकळा होतो. लाइफटाइम घेतो तो वेळ नसलेला माणूस. नाइट शिफ्टवाला, ट्रेनमध्ये एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरणारा, घरात आजारपण निघालं की सहा महिने अभ्यास बाजूला ठेवणारा. ‘तुझ्या सवडीने शिक’ या वाक्यासाठी तो दुप्पट पैसे मोजतो.

तेव्हा हिशेब सोपा आहे. ११,८०० वजा ५,९०० म्हणजे ५,९०० रुपये. ही ‘लाइफटाइम’ या एका शब्दाची किंमत. ती मी ठरवली नाही, कंपनीने स्वतःच्या पानावर छापली. आता तीच कंपनी म्हणते की तो शब्द म्हणजे नुसतं मार्केटिंग होतं. मार्केटिंग होतं, तर त्याचे वेगळे ५,९०० रुपये कशाचे घेतले?

‘परवडत नाही’ म्हणजे किती?

सपोर्टवरच्या मुलीने फोनवर शांतपणे सांगितलं, “सर, जुना कंटेंट होस्ट करणं कंपनीला परवडत नाही.” तिच्यावर राग नाही. तिच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते ती वाचते. पण मी याच धंद्यातला आहे, म्हणून आकडेमोड केली.

६२ तासांचे व्हिडिओ, वेगवेगळ्या क्वालिटीच्या प्रती धरून, मोकळ्या हाताने १०० जीबी म्हणू. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या छापील दराने साध्या स्टोरेजचा खर्च जीबीमागे महिन्याला साधारण दोन रुपये येतो. म्हणजे पूर्ण कोर्स ठेवायला महिन्याला २०० रुपये. माझ्या एकट्यासाठी नव्हे, सगळ्या विद्यार्थ्यांसाठी मिळून, कारण फाइल एकच असते. खरा खर्च व्हिडिओ पाठवण्याचा. तासाभराचा व्हिडिओ पाऊण जीबीचा धरला आणि छापील दर जीबीमागे दहा रुपयांच्या आसपास धरला, तर तासाला सात-आठ रुपये. मोठ्या गिऱ्हाइकांना त्याहून स्वस्त पडतं. मी वर्षात दहा तास पाहिले तरी कंपनीला माझ्यामुळे ७०-८० रुपयांचा फटका.

शिवाय तो कोर्स प्लॅटफॉर्मवरून काढलेलाच नाही. सबस्क्रिप्शन घेणाऱ्याला तेच व्हिडिओ आजही दिसतात. मग बंद काय झालं? मी त्यांचा कोड पाहिलेला नाही, पण असल्या सिस्टीममध्ये कोणाचा अ‍ॅक्सेस कधी संपतो ही डेटाबेसमधली एक तारीख असते. लाइफटाइमवाल्यांची ती जागा रिकामी असते. ती भरायला एवढंच लागतं:

```sql
UPDATE enrollments
SET expires_at = '2025-03-31'
WHERE plan = 'lifetime';
```

तीन ओळी. ना सर्व्हर बंद झाला, ना व्हिडिओ पुसले गेले. ‘धोरणातील बदल’ म्हणजे हे. यात काही परवडत नसेल तर एकच गोष्ट: एकदा पैसे दिलेला माणूस पुन्हा पैसे देत नाही, हे.

“पण तुम्ही अटी मान्य केल्या होत्या”

तक्रारीला आलेलं पहिलं लेखी उत्तर हेच होतं. अटींमध्ये एक वाक्य होतं: कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते, आणि बदलानंतर तुम्ही सेवा वापरत राहिलात तर बदल मान्य आहे असं समजलं जाईल.

घरमालकाने भाडेकरारात ‘मी भाडं केव्हाही वाढवू शकतो आणि तुम्ही उद्या घरात झोपलात तर ते मान्य आहे असं समजेन’ असं लिहिलं, तर आपण हसू. स्क्रीनवर तेच वाक्य आलं की मान्य वाटतं, कारण खाली निळं बटण असतं.

कायदा त्या बटणापाशी थांबत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ६२ करार बदलण्याबद्दल आहे, आणि त्याचा पायाच असा की बदल दोन्ही बाजूंनी मान्य करायचा असतो. प्रमोशन्समध्ये पडलेला न उघडलेला मेल म्हणजे माझी संमती नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(११) प्रमाणे, करारानुसार जे करण्याचं कबूल केलं त्यात राहिलेली कसर म्हणजे सेवेतली त्रुटी. आणि पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की बिल्डरने लिहिलेल्या एकतर्फी अटी, ज्यांवर सही करण्यावाचून घर घेणाऱ्याला पर्याय नव्हता, त्या त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. अशा अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. तो खटला फ्लॅटचा होता, माझा व्हिडिओंचा आहे. पण वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला बिल्डरची एकतर्फी अट म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक खाचखळगा आहे, आणि बरेच जण त्यात पडतात. २०१९च्या कायद्यात ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्या आहे. ती वाचून वाटतं, अरे, हे तर आपलंच प्रकरण! पण ‘हा करारच अनुचित आहे’ ही तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते, जिल्हा आयोगाकडे नाही. म्हणून जिल्हा आयोगात जाताना तक्रार ‘सेवेतली त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शब्दांवर उभी करायची. शब्द चुकला तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो.

तो आणखी एक मुद्दा काढेल: शिक्षण ही ‘सेवा’ नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. राष्ट्रीय आयोगाने मनू सोलंकी प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवलं, पण त्याच निकालात कोचिंग चालवणाऱ्यांना आतच ठेवलं. माझ्या कंपनीने मला पदवी दिलेली नाही. तिने मला व्हिडिओ विकले.

तक्रार भांडणासारखी लिहू नका

माझा पहिला मेल रागाने लिहिलेला होता. ‘फसवणूक’ चार वेळा, ‘लाज’ एकदा. त्याला सपोर्टकडून ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच आलं. दुसऱ्यांदा मी बग रिपोर्ट लिहितो तशी तक्रार लिहिली: काय अपेक्षित होतं, काय झालं, पुरावा काय, काय दुरुस्त करा.

पुरावा म्हणजे ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशी कंपनी काय म्हणत होती ते. आजची वेबसाइट इथे निरुपयोगी आहे, ती बदललेली असते. माझ्या इन्व्हॉइसवर कोर्सच्या नावापुढे ‘लाइफटाइम’ छापलेलं होतं. स्वागताच्या मेलमध्येही तो शब्द होता. तो मेल नुसता स्क्रीनशॉट न काढता मूळ फाइल म्हणून उतरवून घेतला. दोन किमती दाखवणारं जुनं पान `web.archive.org` वर सापडलं, तारखेसकट. तिथे ते नसतं तर ५,९०० रुपयांचा सगळा मुद्दा माझ्या तोंडी शब्दावर राहिला असता.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. माझ्या मेलचा गाभा हा होता:

“मी १४ ऑगस्ट २०२१ रोजी ११,८०० रुपये भरून आपला कोर्स ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’सह घेतला. त्याच दिवशी एका वर्षाचा अ‍ॅक्सेस ५,९०० रुपयांना उपलब्ध होता. म्हणजे कायमच्या अ‍ॅक्सेससाठी आपण माझ्याकडून वेगळे ५,९०० रुपये घेतले. ३१ मार्च २०२५ रोजी माझ्या संमतीशिवाय आपण तो अ‍ॅक्सेस काढून घेतला. कोर्स आजही आपल्या प्लॅटफॉर्मवर इतरांना उपलब्ध आहे. तो प्लॅटफॉर्मवर असेपर्यंत माझा अ‍ॅक्सेस पूर्ववत करावा. अन्यथा घेतलेली रक्कम परत करावी.”

या मेलमध्ये एकही विशेषण नाही, आणि याला उत्तर देणं अवघड आहे. पोच तिसऱ्या दिवशी आली आणि उत्तर सत्ताविसाव्या. ‘सदिच्छा म्हणून’ सहा महिन्यांचं सबस्क्रिप्शन फुकट, एवढंच.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. कंपनीने तिथे उत्तर टाकलं: ‘धोरणानुसार निराकरण केले’. तेही उपयोगाला आलं. कंपनीला दोनदा संधी दिली होती याचा तो कागद झाला.

“साडेतीन वर्षं पाहिलंत की!”

हा प्रश्न कंपनीनेही विचारला आणि आईनेही. आईचा सूर वेगळा होता: “अरे, अकरा हजारांसाठी कोर्टात जातोस?” म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

कंपनीचा हिशेब असा की वर्षाला ५,९०० धरले तर साडेतीन वर्षांत मी २० हजारांचा माल वापरला, म्हणजे उलट फायद्यातच आहे. पण मी दरवर्षी भाडं देणारा गिऱ्हाईक कधीच नव्हतो. मी पैसे आगाऊ दिले. कंपनीला वाढायला रोख पैसा हवा होता तेव्हा दिले आणि कोर्स पुढे पाहायला सवड मिळेल की नाही ही जोखीम मी घेतली. वेळ मिळाला नसता तर त्यांनी माझे ५,९०० परत केले असते का? नाही. लाइफटाइम हा दोन्ही बाजूंनी लावलेला डाव होता. डाव त्यांच्या विरुद्ध जातोय असं दिसल्यावर त्यांनी पट उलटला.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कोणतीही कंपनी कुणाच्या मरणापर्यंत व्हिडिओ चालू ठेवीन असं वचन देऊ शकत नाही. शिक्षक सोडून जातो, विषय जुना होतो. कबूल. मग पानावर तसं लिहा. ‘किमान पाच वर्षं’ लिहा, ‘कोर्स विक्रीत असेपर्यंत’ लिहा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी ‘विकत घ्या’ असा शब्द वापरता येत नाही. खरं लिहिलं की कमी लोक दुप्पट पैसे देतील. म्हणून तर ते लिहीत नाहीत.

आणि बंद करायचंच असेल, तर सभ्यपणे बंद करता येतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. लोकांची पुस्तकं गेली, ते वाईटच झालं. पण पुस्तकांचे पूर्ण पैसे परत दिले. ज्यांनी पुस्तकांत खुणा आणि टिपणं केली होती त्यांना २५ डॉलर वर दिले. माझ्याही कोर्समध्ये व्हिडिओंच्या बाजूला मी लिहिलेली टिपणं होती, ट्रेनमध्ये, अंगठ्याने. ती व्हिडिओंसोबत गेली. मेलमध्ये त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

एका मित्राने सुचवलं, टेलिग्रामवर अख्खा कोर्स फुकट आहे, उतरवून घे. तो खरं बोलत होता आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. ज्याने चोरला त्याच्याकडे कोर्स आजही आहे. ज्याने जीएसटीसकट पैसे भरले त्याच्याकडे नाही.

तुमच्यापुरतं

मी शेवटची नोटीस पाठवली, पंधरा दिवसांची मुदत देऊन. बाराव्या दिवशी एका वरिष्ठ माणसाचा फोन आला. अगदी आदबीने बोलला. “सर, तुमच्यापुरतं रिस्टोअर करून देतो. तक्रार नाही एवढं लिहून द्या.”

मी तयार होतो. एकच वाक्य मेलवर मागितलं: ‘कोर्स प्लॅटफॉर्मवर असेपर्यंत हा अ‍ॅक्सेस राहील.’ ते त्यांना देता येईना. त्यांच्या मजकुरात होतं, ‘सध्याच्या धोरणानुसार, कंपनीच्या मर्जीवर’. म्हणजे व्हिडिओ द्यायला तयार, शब्द द्यायला नाही. आणि मी तर पैसे शब्दाचे मोजले होते.

शिवाय ‘तुमच्यापुरतं’ ही नुसती सोय नव्हे, ती चाल आहे. जो शेवटपर्यंत भांडतो त्याची एक ओळ पूर्ववत करायची, बाकी सगळ्यांच्या तशाच ठेवायच्या. माझ्यासोबत कोर्स घेतलेला नालासोपाऱ्याचा एक मित्र नाइट शिफ्टला आहे. त्याने निम्मा कोर्सही पाहिला नव्हता. नोटीस लिहायला त्याच्याकडे ना वेळ, ना ताकद. खरं तर लाइफटाइम त्याच्यासाठीच होतं.

म्हणून तक्रार दाखल केली, `e-jagriti.gov.in` वर. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी चालतं. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. अटींमध्ये लवाद लिहिलेला असला तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या खटल्यात स्पष्ट केलंय. मुदत दोन वर्षांची, आणि ती वाद निर्माण झाल्यापासून मोजतात. माझ्याबाबतीत मी ती अ‍ॅक्सेस काढला त्या दिवसापासून धरली आहे, पैसे भरले त्या दिवसापासून नाही. माझा खर्च झाला तो प्रतिज्ञापत्राच्या नोटरीचा आणि स्कॅनिंगचा. शनिवारची एक दुपार गेली.

मित्राचं नाव माझ्या तक्रारीत नाही. अनेकांनी मिळून एक तक्रार करायची सोय कायद्यात आहे, पण त्याला आयोगाची परवानगी लागते आणि माणसं जमवावी लागतात. त्याऐवजी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीने मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वेगळं लिहिलं आहे. एका माणसाचे पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं काम नाही. फसव्या जाहिरातीने जेव्हा एक अख्खा वर्ग नाडला जातो, तेव्हा चौकशी करणं हे त्यांचं काम आहे.

निकाल कधी लागेल? नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत शक्यतो निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतो, हे धरून चाललोय. उद्या कंपनीच दिवाळखोरीत गेली तर तक्रार थांबेल, हेही माहीत आहे. हरण्याची शक्यता आहेच.

पण आईला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. मी अकरा हजारांसाठी गेलेलो नाही. त्यांनी एका शब्दाचे ५,९०० रुपये घेतले. एक तर त्यांनी तो शब्द पाळावा, नाही तर पुन्हा कुणाला तो विकू नये.

तुम्हीही कधी ‘लाइफटाइम’ घेतलं असेल, तर आज त्याचं इन्व्हॉइस शोधा. त्यावर तो शब्द छापलेला आहे का ते पाहा आणि त्या पानाची एक प्रत त्यांच्या सर्व्हरवर नाही, स्वतःकडे ठेवा.